कार्ड मशीनवर ‘नेटवर्क एरर’ आला तर

गिऱ्हाईक समोर उभं आहे आणि मशीनवर ‘नेटवर्क एरर’ आलाय. लगेच दुसऱ्यांदा कार्ड लावू नका. पैसे कापल्याचा मेसेज आला का, ते आधी गिऱ्हाइकाला विचारा आणि मशीनमध्ये शेवटचा व्यवहार तपासा.

मेसेज आला, पण व्यवहार पूर्ण झालेला नाही, तर ती रक्कम अडकलेली असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ती व्यवहारानंतर 5 दिवसांत आपोआप परत जायला हवी. त्यानंतर उशीर झाल्यास बँकेला रोज 100 रुपये भरपाई द्यावी लागते. हे गिऱ्हाइकाला नीट सांगा.

आता मशीन. पहिलं, स्क्रीनच्या वरच्या कडेला सिग्नलच्या रेघा बघा. कमी असतील तर मशीन लोखंडी रॅकपासून दूर, दाराजवळ न्या. दुसरं, मशीन बंद करून पुन्हा चालू करा. तिसरं, मशीन वायफायवर असेल तर त्याच वायफायवर मोबाइलमध्ये एखादं पान उघडून बघा. उघडलं नाही, तर दोष राउटरचा. तो अर्धा मिनिट बंद ठेवा किंवा मशीन सिमकार्डावर घ्या. चौथं, सिमवरही चालत नसेल तर मशीन बंद करून सिम काढा, कोरड्या फडक्यानं पुसून परत बसवा.

एवढं करूनही अडलं, तर हेल्पलाइनला फोन लावा. जुन्या पावतीवर छापलेला टीआयडी, म्हणजे मशीनचा क्रमांक, हाताशी ठेवा. तो पहिल्यांदा विचारतात. तोवर रोख किंवा यूपीआय घ्या.