पहिल्या संख्यांची बेरीज : सूत्र बरोबर, उत्तर चूक



क्रमाने येणाऱ्या संख्यांच्या बेरजेची सूत्रे मुलांना पाठ असतात, तरी उदाहरणे चुकतात. दोष सूत्राचा नसतो. सूत्रात घालावयाची संख्या चुकलेली असते.

१ पासून १९ पर्यंतच्या विषम संख्यांची बेरीज विचारली, की काही मुले १९ चा वर्ग करून ३६१ लिहितात. वस्तुतः वर्ग करावयाचा तो शेवटच्या संख्येचा नव्हे, तर एकंदर संख्या किती आहेत त्याचा. हे चिंचोक्यांनी दाखवावे. एक चिंचोका ठेवून त्याच्या उजवीकडे, खाली व कोपऱ्यात मिळून तीन मांडले, की दोन-दोनांचा चौरस होतो. त्याच दोन बाजूंना आणखी पाच लावले, की तीन-तीनांचा होतो. प्रत्येक विषम संख्येबरोबर चौरसाची बाजू एकाने वाढते. १९ पर्यंत विषम संख्या (१९ + १) ÷ २, म्हणजे १० आहेत. म्हणून बेरीज १०० येते. ३६१ हे उत्तर अशक्य आहे, हेही मुलाला ताडता यावे. संख्या दहाच, त्यांतील एकही १९ हून मोठी नाही. तेव्हा बेरीज १९० च्या पुढे जाणे शक्य नाही.

नैसर्गिक संख्यांसाठी १ ते १० ही ओळ एकदा सुलट व तिच्याखाली एकदा उलट लिहावी. वरखालच्या प्रत्येक जोडीची बेरीज ११ होते. अशा दहा जोड्यांचे ११० झाले. पण ओळ दोनदा घेतली, म्हणून निम्मे, ५५. २ ते २० या सम संख्या या ओळीच्या दुप्पट आहेत. त्यांची बेरीज ११०.

आता एक शाब्दिक उदाहरण घेऊ. ओंडक्यांच्या राशीत तळाच्या थरात २० ओंडके आहेत. वरच्या प्रत्येक थरात एक कमी होत सर्वांत वरच्या थरात ९ आहेत. एकूण ओंडके किती? येथे ओळ १ पासून सुरू होत नाही. म्हणून सूत्र एकदम लागू पडत नाही. रास वर एका ओंडक्यापर्यंत गेली आहे असे मानावे. मग एकूण २० × २१ ÷ २ = २१० होतात. त्यांतून नसलेले थर वजा करावेत. मुले येथे १ ते ९ चे ४५ वजा करून १६५ म्हणतात. परंतु ९ चा थर राशीत आहे. नसलेले थर १ ते ८ चे. त्यांचे ३६ वजा केले, की १७४ उरतात. ताळा असा : थर १२; वरचा व तळाचा मिळून २९; अशा सहा जोड्या, २९ × ६ = १७४.

५, १०, १५ अशी ओळ नैसर्गिक संख्यांच्या पाचपट असल्याने तिलाही हीच युक्ती चालते. १, २, ४, ८ या ओळीत मात्र वाढ सारखी नाही. तेथे चालत नाही. म्हणून सूत्र लिहिण्यापूर्वी मुलाने पाटीवर तीन गोष्टी मांडाव्यात : ओळ कोठून सुरू होते, वाढ केवढी आहे आणि पदे किती आहेत.