शब्द ओळखले की अर्थ कळला?



आधी एक वाक्य ऐका. 'द मिव्ह ट्रोब्ड द प्लाफ निअर द स्निव्ह.' आता सांगा, मिव्हने प्लाफला कुठे ट्रोब केलं? तुम्ही लगेच म्हणालात, 'निअर द स्निव्ह.' पूर्ण मार्क! हे शब्द मी काल रात्री बनवलेत, त्यांना काहीच अर्थ नाही.

आपल्या अभ्यासवर्गात उर्दू आणि मराठी माध्यमाची मुलं इंग्रजी उताऱ्याखालचे प्रश्न असेच सोडवतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ उतरवायची. आपण बरोबरची खूण करतो. मग अकरावी सायन्सला सगळं इंग्रजीत येतं आणि मूल गप्प बसतं. आमच्या भाषेत सांगायचं तर चुकीचा प्रोग्रामही पास होतो, अशी ती टेस्ट आहे.

अमेरिकेतले शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ जेम्स रॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये यावर एक साधी पद्धत मांडली. उतारा वाचायला द्यायचा आणि काढून घ्यायचा. मग एकेक वाक्य दाखवून विचारायचं, 'उताऱ्यातल्या एखाद्या वाक्याचा अर्थ हाच होता का? हो की नाही?'

मी माठावर आठ वाक्यांचा उतारा लिहिला होता. त्यातलं शेवटचं वाक्य असं: 'अनलेस द होल्स आर क्लिअर्ड, द ओल्ड पॉट विल होल्ड वॉटर बट नॉट कूल इट.' जुन्या माठाची बारीक छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात, ती मोकळी केल्याशिवाय पाणी राहील, पण गार होणार नाही.

यावर चार तऱ्हेची वाक्यं करता येतात. एक, जसंच्या तसं. दुसरं, अर्थ तोच पण शब्द वेगळे: 'ओन्ली आफ्टर द पोअर्स आर ओपन्ड कॅन इट चिल वॉटर अगेन.' तिसरं, शब्द तेच पण अर्थ उलटा: 'इफ द होल्स आर क्लिअर्ड, द ओल्ड पॉट विल होल्ड वॉटर बट नॉट कूल इट.' चौथं, विषय माठाचाच, पण उताऱ्यात नसलेलं काहीतरी. उताऱ्याच्या एका वाक्यावर एकच तऱ्हा वापरायची. म्हणजे आठ वाक्यांत प्रत्येक तऱ्हा दोनदा येते.

खरी गंमत दुसऱ्या आणि तिसऱ्या तऱ्हेत आहे. फक्त शब्द ओळखणारं मूल दुसऱ्याला 'नाही' म्हणतं, कारण शब्द अनोळखी. तिसऱ्याला 'हो' म्हणतं, कारण 'अनलेस'च्या जागी 'इफ' आलाय हे त्याला जाणवतच नाही. पहिली आणि चौथी मात्र बरोबर येतात. आठपैकी चार. नुसते अंदाज ठोकणाऱ्यालाही सरासरी चारच मिळतात. म्हणून बेरीज पाहू नका, कोणती चार चुकली ते पाहा. आणि एका उताऱ्यावर निकाल लावू नका. डोळे मिटून हो-नाही करणाऱ्याला आठपैकी सहा किंवा जास्त मिळण्याची शक्यता साधारण सातात एक असते. किमान तीन-चार उतारे हवेत.

यात एक अडचण आहे. दुसऱ्या तऱ्हेतले 'पोअर्स' आणि 'चिल' हे शब्दच मुलीला माहीत नसतील, तर तिला उतारा समजूनही ती चुकेल. तेव्हा आपण शब्दसंपत्ती तपासतो आणि नाव आकलनाचं लावतो. पहिल्या वेळी ही चूक माझ्याकडूनच झाली. नववीतल्या एका मुलीची ती दोन्ही वाक्यं चुकली आणि मी तिला कच्च्या गटात टाकलं. नंतर सहज म्हटलं, 'दादीला सांगतेस तसं सांग.' ती म्हणाली, 'पुराने मटके के छेद खार से बुज गए. साफ नै करे तो पानी रहता, पर ठंडा नै होता.' तिला 'अनलेस' नेमकं कळलं होतं! कच्चं माझं वाक्य होतं.

तेव्हापासून हो-नाही झाल्यावर मी घरच्या भाषेत सांगायला लावतो. मराठी, उर्दू, दखनी, जी असेल ती. अट एकच, उताऱ्यातला इंग्रजी शब्द तसाच ठेवायचा नाही. 'पॉटचे होल्स ब्लॉक असले तर कूल होत नाही' हे मराठी वाटतं, पण त्यात मुलाने फक्त शब्दांची जागा बदललेली असू शकते. इथे मी थांबवतो आणि विचारतो, 'ब्लॉक म्हणजे काय झालं? कशाने?'

शेवटची खबरदारी. माठ सगळ्यांच्या घरी असतो. न वाचताही कुणी बरोबर सांगेल. म्हणून तीच आठ वाक्यं आधी उतारा न वाचलेल्या दोन-तीन मुलांना द्या आणि 'हे खरं आहे का' एवढंच विचारा. त्यांनाही सहा-सात जमली, तर तो उतारा बाजूला ठेवा. माझा पहिला उतारा असाच बाद झाला. त्यात माठात पाणी गार होतं, एवढंच होतं. जुन्या माठाची गोष्ट मी नंतर घातली.