कांदा निर्यातीची दीड वर्षे, पाच वाक्यांत

(नांदगाव येथे तालुक्यातील वार्ताहरांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



दीर्घकाळ चालणाऱ्या बातमीचा वाचक दोन प्रकारचा असतो. एक आरंभापासून सोबत असतो, दुसरा आजच प्रथम येतो. पहिल्याला ताजी घटना पुरते. दुसऱ्याला मात्र त्या घटनेमागील वाट ठाऊक नसते. त्याच्यासाठी बातमीच्या अंगाला जी छोटी चौकट दिली जाते, तिच्यात अनेक महिन्यांचा घटनाक्रम साठ-सत्तर शब्दांत मावला पाहिजे. हे काम कसे होते, हे नांदगाव तालुक्याच्या जिव्हाळ्याच्या विषयावरून, म्हणजे कांदा निर्यातीच्या धोरणावरून, नीट समजते.

समजा, बाजार समितीत कांद्याचे भाव कोसळल्याची बातमी आहे. नव्या वाचकाचा पहिला प्रश्न असतो, ‘‘निर्यात बंद आहे काय?’’ उपसंपादकापुढील कात्रणांत त्याचे उत्तर आहे. पण ते विखुरलेले आहे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले. त्याच्या निषेधार्थ नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांतील लिलाव थांबले. २२ ऑगस्ट रोजी क्विंटलमागे २,४१० रुपये दराने दोन लाख टन कांदा खरेदी करण्याची घोषणा झाली. २८ ऑक्टोबर रोजी टनामागे ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य ठरविण्यात आले. ८ डिसेंबरपासून, लाल कांदा बाजारात येत असतानाच, निर्यातबंदी लागू झाली. तिची मुदत ३१ मार्च २०२४ होती. परंतु २२ मार्च रोजी ती पुढील आदेशापर्यंत वाढविण्यात आली. एप्रिलच्या अखेरीस सहा देशांना ९९,१५० टन कांदा पाठविण्याच्या परवानगीची माहिती प्रसिद्ध झाली. ४ मे रोजी बंदी उठली. १३ सप्टेंबर २०२४ रोजी किमान मूल्याची अट रद्द होऊन शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही संपले.

या सर्व नोंदी खऱ्या आहेत, तरीही त्या तशाच ओळीने छापल्या तर चौकट होत नाही. तारखांचा ढीग होतो. निवड करताना प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न विचारावा : या घटनेने पुढे टिकणारा नियम बदलला काय? लिलाव थांबणे ही त्या दिवशीची मोठी बातमी होती, परंतु त्याने निर्यातीचा नियम बदलला नाही. सरकारी खरेदीचेही तेच. ८०० डॉलरच्या अटीने नियम बदलला खरा, पण अवघ्या चाळीस दिवसांत बंदीने तिला गिळून टाकले. बंदीची मुदतवाढ ही तर बंदीचाच भाग आहे; ती वेगळी सांगण्याऐवजी बंदीचा आरंभ आणि शेवट सांगितला की काम भागते.

आरंभ कोठून करावा, हाही प्रश्न येतो. २०१९ च्या सप्टेंबरात बंदी आली होती आणि २०२० च्या सप्टेंबरातही. मात्र १ जानेवारी २०२१ रोजी ती दुसरी बंदी उठली आणि ऑगस्ट २०२३ पर्यंत निर्यात शुल्काविना खुली होती. बंधनांची साखळी तेथे तुटलेली आहे. म्हणून आजच्या बातमीचा आरंभ ऑगस्ट २०२३ मध्येच होतो. जुन्या बंदीचा उल्लेख मोह पाडतो. पण नवा वाचक त्यामुळे दोन वेगळ्या कथा एकत्र करतो.

संक्षेपात सर्वाधिक घात होतो तो शब्दांचा. निर्यात शुल्क म्हणजे माल बाहेर पाठविता येतो, पण त्यावर कर भरावा लागतो. किमान निर्यात मूल्य म्हणजे ठरावीक किमतीखाली सौदा करता येत नाही. निर्यातबंदी म्हणजे विशेष परवानगीविना माल पाठविताच येत नाही. बाजारात बोलताना तिन्हींना सरसकट ‘बंदी’ म्हटले जाते आणि जागा वाचविण्याच्या घाईत तोच शब्द चौकटीत उतरतो. मग ‘ऑगस्ट २०२३ पासून बंदी’ असे असत्य विधान छापले जाते.

याउलट चूक मे २०२४ च्या नोंदीत होते. ‘बंदी उठली’ हे दोन शब्द खरे असूनही वाचकाला फसवितात. त्या दिवशी टनामागे ५५० डॉलर किमान मूल्य आणि त्यावर ४० टक्के शुल्क लागू झाले. ५५० चे ४० टक्के म्हणजे २२० डॉलर. म्हणजे परदेशी खरेदीदारास तो कांदा, वाहतूक खर्च सोडूनही, टनामागे किमान ७७० डॉलरला पडत होता. दार उघडले होते, पण उंबरठा उंच होता. ही अट गाळली, तर बंदी उठूनही शेतकरी असंतुष्ट का राहिले, हे नव्या वाचकास कधीच कळणार नाही. शब्द वाचवावयाचेच असतील तर अन्य ठिकाणी वाचवावेत.

तारखांबाबतही सावधपणा हवा. शुल्क रद्द करण्याचा निर्णय २२ मार्च २०२५ रोजी जाहीर झाला, अंमल मात्र १ एप्रिलपासून झाला. या दहा दिवसांत ज्याचा माल बंदरावर होता, त्याच्या दृष्टीने हा फरक लाखमोलाचा होता. चौकटीत एकच तारीख मावत असेल तर ती अंमलाची असावी.

आता तयार चौकट पाहावी :

‘‘कांद्यावरील निर्यात शुल्क १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. देशांतर्गत पुरवठा व भाव यांचे कारण देत केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क लावले होते. ८ डिसेंबर २०२३ ते ३ मे २०२४ या काळात, काही देशांना दिलेली मर्यादित परवानगी वगळता, निर्यातीस बंदी होती. ४ मे २०२४ रोजी ती उठली, परंतु टनामागे ५५० डॉलर किमान मूल्य व ४० टक्के शुल्काची अट आली. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य रद्द होऊन शुल्क २० टक्के झाले.’’

येथे सर्वांत अलीकडचा बदल पहिल्या वाक्यात आहे, कारण नव्या वाचकाचा प्रश्न तोच आहे. सरकारने दिलेले कारण एका वाक्यात आहे आणि ते सरकारचे म्हणूनच सांगितले आहे. ते योग्य की अयोग्य, याचा निवाडा अग्रलेखात व्हावा.

अशी चौकट एकदा लिहून कायमची वापरता येत नाही. नवी अधिसूचना निघाली की शेवटी एक वाक्य जोडण्याची सवय असते. चार वेळा जोडले की तोच जुना ढीग पुन्हा उभा राहतो. म्हणून प्रत्येक वेळी पहिले वाक्य नव्याने लिहावे आणि ज्या नोंदीचा प्रभाव संपला ती काढावी. छापण्यापूर्वी ती कांद्याशी संबंध नसलेल्या माणसास वाचावयास द्यावी आणि विचारावे, ‘‘आज माल पाठविता येतो का, आणि कोणत्या अटीवर?’’ त्याने वर न पाहता उत्तर दिले तर चौकट जमली. तो तारखा मोजू लागला, तर अद्याप काहीतरी कापावयाचे राहिले आहे.