बाटलीवरचा आकडा आणि चुकलेली जागा

आज एकच रेणू घेऊ: २-मिथाइलसायक्लोहेक्झॅनोन. त्याला बेंझाइल गट जोडायचा आहे. प्रश्न एवढाच, की जोडायचा कुठे?

सहा कार्बनांच्या कड्यात पहिल्या कार्बनवर ऑक्सिजन आहे, म्हणजे कीटोन. त्याच्या एका बाजूला दुसरा कार्बन, त्यावर मिथाइल आणि एकच हायड्रोजन. दुसऱ्या बाजूला सहावा कार्बन, त्यावर दोन हायड्रोजन आणि आजूबाजूला मोकळी जागा. बेसने या दोन्हींपैकी कुठूनही प्रोटॉन काढला तर एनोलेट तयार होतो, आणि जिथून प्रोटॉन गेला तिथेच पुढे बेंझाइल ब्रोमाइड जोडला जातो.

एलडीए, म्हणजे लिथियम डायआयसोप्रोपिलअमाइड, हा बेस जोरदार आहे आणि अंगानं रुंदही आहे. नायट्रोजनवर दोन आयसोप्रोपिल गट पसरलेले असल्यामुळे मिथाइलशेजारच्या गर्दीत तो सहज शिरत नाही. सहाव्या कार्बनवरचा प्रोटॉन त्याला पटकन मिळतो. शिवाय एकदा काढलेला प्रोटॉन परत जात नाही, कारण तयार झालेलं अमाइन कीटोनपेक्षा निदान दहा अब्ज पटींनी दुबळं आम्ल आहे. जो मार्ग वेगवान, त्याचाच माल जमा होतो. टीएचएफमध्ये उणे ७८ अंशांना सहाव्या बाजूचा एनोलेट जवळपास ९९ टक्के मिळतो. हा गतिकीय एनोलेट.

पण स्थिर कोण? दुसऱ्या बाजूचा. त्याच्या दुहेरी बंधावर मिथाइल असल्यामुळे तो अधिक स्थिर असतो. दोन्ही एनोलेटना एकमेकांत बदलायची संधी मिळाली, तर समतोलात दहापैकी साधारण नऊ रेणू या बाजूचे होतात. हा ऊष्मागतिकीय एनोलेट. मग ही संधी देतो कोण? शिल्लक राहिलेला कीटोन. एनोलेट त्याच्याकडून प्रोटॉन घेतो, स्वतः कीटोन होतो आणि समोरच्याचा एनोलेट बनतो. ही देवघेव चालू राहिली की सुरुवातीची निवड पुसली जाते.

आता हिशेब करून पाहू. कीटोन १० मिलिमोल, म्हणजे १.१२ ग्रॅम. डायआयसोप्रोपिलअमाइन ११ मिलिमोल. ब्युटिललिथियमच्या बाटलीवर १.६ मोलर लिहिलंय, म्हणून ६.६ मिलिलिटर घेतलं. कागदावर एलडीए साडेदहा मिलिमोल होतो, थोडा जास्तच. पण बाटली वारंवार उघडलेली असेल आणि खरी तीव्रता १.४ असेल, तर हातात येतो फक्त ९.२. म्हणजे ०.८ मिलिमोल कीटोन शिल्लक! उणे ७८ अंशांना तो फारसं काही करत नाही, पण भांडं गरम होऊ लागलं की देवघेव सुरू होते. म्हणून मी ब्युटिललिथियम वापरण्याआधी टायट्रेशन करतोच. आणि कीटोन नेहमी एलडीएच्या द्रावणात थेंबथेंब सोडायचा. उलट केलं, तर मिसळणी पूर्ण होईपर्यंत कीटोनच जास्त असतो.

दुसरा धोका अल्किलीकरणाच्या वेळी असतो. तयार झालेला माल हाही कीटोनच, त्यामुळे तोही प्रोटॉन देऊ शकतो. बेंझाइल ब्रोमाइड, अलाइल ब्रोमाइड, मिथाइल आयोडाइड चपळ आहेत, त्यामुळे देवघेवीला वेळ कमी मिळतो. साध्या लांब साखळीचा हॅलाइड सुस्त असतो. त्यासाठी तापमान वाढवावं लागतं, आणि मग जागाही बिघडते आणि दोनदा अल्किलीकरण झालेला मालही येतो.

चूक ओळखायची कशी? प्रोटॉन एनएमआरमध्ये मिथाइलकडे पाहा. २-बेंझाइल-६-मिथाइल मालात मिथाइलशेजारी एक हायड्रोजन असतो, म्हणून त्याचं शिखर दुभंगलेलं दिसतं. सिस आणि ट्रान्स अशी दोन रूपं असल्यानं अशा दोन जोड्या दिसू शकतात. २-बेंझाइल-२-मिथाइल मालात मात्र शेजारी हायड्रोजनच नाही, म्हणून मिथाइलचं एकच सरळ शिखर येतं.

आणि तोच दुसरा माल मुद्दाम हवा असेल तर? समतोल साधून थेट अल्किलीकरण करता येतं, पण शिल्लक कीटोनमुळे मिश्रण हाती येतं. याच कीटोनवर चालणारा दुसरा मार्ग अधिक स्वच्छ आहे. आधी ट्रायमिथाइलसिलिल क्लोराइड आणि ट्रायइथाइलअमाइनबरोबर डीएमएफमध्ये तापवून सिलिल एनोल इथर बनवायचा. यात जास्त प्रमाण दुसऱ्या बाजूच्या इथरचं असतं. तो ऊर्ध्वपातनानं वेगळा करायचा. मग मिथाइललिथियमनं सिलिकॉन काढला, की हवा तोच एनोलेट मोकळा होतो. भांड्यात कीटोन नसल्यामुळे त्याची बाजू बदलायला कुणी उरत नाही. वर बेंझाइल ब्रोमाइड सोडा.

म्हणजे बेस रुंद आहे एवढ्यानं जागा ठरत नाही. तो प्रत्येक कीटोन रेणूला पुरला पाहिजे, आणि शेवटपर्यंत पुरला पाहिजे. पुढच्या भागात याच एनोलेटची आल्डोल अभिक्रिया पाहू.