पाटोडीचं माप

कोरपन्याकडच्या घरात पाटोडीची कृती एखाद्या चिठ्ठीवर अशी सापडते: ‘बेसन अंदाजे, पाणी लागेल तसं.’ वहीत उतरवण्याआधी आजीला रांधू द्यावं आणि तिची प्रत्येक मूठ वाटीत मोजून घ्यावी. साहित्य वापराच्या क्रमानं लिहावं: तेल, जिरं, तिखट, हळद, मीठ, पाणी २ वाट्या, बेसन १ वाटी.

मग पायऱ्या. १: फोडणीत पाणी उकळा. २: आच मंद करून बेसन घोटा, गुठळ्या मोडा. ३: झाकून ५ मिनिटं वाफवा. ४: तेल लावलेल्या ताटात थापा, १५ मिनिटांनी वड्या कापा.

वेळेसोबत खूणही हवी, कारण चुलीची आणि गॅसची आच सारखी नसते. गोळा कढईची कड सोडू लागला की झालं.

कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’तही वाटी-चमच्याचंच माप आहे. घरातली वाटी कोणती, हे मात्र पहिल्याच पानावर नोंदवा.