कंदील लावला का?
(रेवदंडा येथील शारदीय व्याख्यानमालेतील व्याख्यान)



नवरात्र सुरू आहे. म्हणजे आपल्या बाजारात दोन कामं एकदम चालली असणार. गणपतीत लावलेले फ्लेक्स उतरवायचे आणि दिवाळीचे छापायला टाकायचे. त्या छापायला टाकायच्या मजकुराबद्दल मी आज बोलणार आहे. सणाची जाहिरात एकट्यादुकट्यासाठी नसते. मुंबईहून सुट्टीला आलेला नातू ती मोबाइलवर वाचतो, त्याची आई दुकानाच्या दारात वाचते आणि आजीला ती कुणीतरी वाचून दाखवतं. या तिघांशी एकाच कागदावरून बोलायचं, तर मराठी कुठली वापरायची? पुस्तकी की घरातली?

या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर एका साबणाच्या जाहिरातीत आहे. मोती साबण मूळचा टाटा ऑइल मिल्सचा. ती कंपनी १९९० च्या दशकात हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन झाली, तरी साबण आणि दिवाळी यांची गाठ सुटली नाही. दूरचित्रवाणीवरची त्याची जाहिरात तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. पहाटे चाळीतून फिरत दारं ठोठावणारे म्हातारे काका. लोक त्यांना 'अलार्म काका' म्हणूनच ओळखतात. काका काय म्हणतात ते इथे कुणाला सांगायची गरज नाही. मला त्यातले दोनच शब्द हवेत, 'उठा' आणि 'स्नान'.

आधी 'उठा' घेऊ. काका वयानं सगळ्यात मोठे. ते चाळीतल्या पोरांना 'ऊठ रे' म्हणू शकले असते, त्यांना तो हक्क होता. पण 'ऊठ' म्हटलं की ते एका दारापुरतं राहतं. 'उठा' अख्ख्या मजल्याला लागू पडतं, पोरांना अनेकवचन म्हणून आणि थोरांना आदर म्हणून. तेच वाक्य पुढे लहान मुलाच्या तोंडी गेलं तरी त्यात एक अक्षर बदलावं लागत नाही. दुसरा शब्द 'स्नान'. घरात आपण 'आंघोळ' म्हणतो; नरकचतुर्दशीलासुद्धा 'पहिली आंघोळ' म्हणतो. मग इथे 'स्नान' कृत्रिम का वाटत नाही? कारण त्या एका पहाटेपुरता तो शब्द घरात येतो. अभ्यंगस्नान आपल्याला आजीकडून कळलेलं असतं, शाळेच्या पुस्तकातून नव्हे. म्हणजे बाकी सगळं वाक्य बोलण्यातलं आणि सणाचा म्हणून जो शब्द आहे तेवढा संस्कृत. जाहिरात लिहिणाऱ्यानं प्रमाण आणि बोली यांतलं एक निवडलंच नाही. कुठल्या जागी कुठली, एवढंच ठरवलं.

पण काकांची सोय आपल्या दुकानदाराला नसते. काका हे पात्र आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनीसुद्धा 'असं केलं', 'मी म्हटलं' ही बोलण्यातली रूपं पात्राच्या तोंडी मान्य केली होती. फ्लेक्सवर पात्र नसतं, तिथे दुकान बोलतं. दुकानानं कुणाच्या आवाजात बोलायचं?

एक मजकूर घेऊन बघू. समजा, इथल्या काही बायका मिळून दिवाळीचा फराळ करून विकतात. त्या छापखान्यात जातात. तिथे संगणकावर मागच्या वर्षीचा मजकूर तयारच असतो:

'समस्त ग्राहकवर्गास दीपावलीनिमित्त हार्दिक शुभेच्छा. आमचे येथे दिवाळीचा सर्व फराळ उत्कृष्ट दर्जाचा व वाजवी दरात तयार करून मिळेल. तरी आपण एकवेळ अवश्य भेट द्यावी.'

यात व्याकरणाची चूक नाही. 'आमचे येथे' हे जुन्या पाट्यांचं मराठी आहे आणि मला ते आवडतं. पुण्याच्या दुकानांवर 'आमची कोठेही शाखा नाही' लिहिलेलं असतं, तिथे 'कोठेही' या शब्दानंच दुकानाचं वय कळतं. आज 'कोठे' कोण बोलतं? पण पाटीवर तो शोभतो. आपल्या फराळाच्या मजकुराचं दुखणं वेगळं आहे. हा साचा इतका गुळगुळीत आहे की काहीच न सांगता तो भरून जातो. ऑर्डर कधीपर्यंत द्यायची? अनारसे आहेत का? अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, रोज पाणी बदलावं लागतं, मग सुकवून, कुटून, गुळात कालवून ते पीठ मुरू द्यावं लागतं. ज्या बायका हे सगळं करतात, त्यांनी ऑर्डर आठ दिवस आधी हवी हे सांगायलाच पाहिजे. 'तयार करून मिळेल' म्हणताना ते सांगायचं राहून गेलं. शिवाय हाच मजकूर रिक्षावरच्या कर्ण्यातून वाचला, तर कुणीतरी शासकीय सूचना वाचतंय असं वाटेल.

मग त्यातल्या एकीचा कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, मी लिहितो:

'काय भावांनो, फराळाचं टेन्शन? आमची चकली एकदम कडक! लगेच ये आणि उचल!'

हसलात ना? आजीही हसेल, पण वेगळ्या कारणानं. मुलाच्या तोंडी 'कडक' म्हणजे झकास. आजीच्या लेखी चकली कडक झाली म्हणजे मोहन कमी पडलं. चकली खुसखुशीत हवी. विकायच्या मालाचा दोषच पाटीवर छापला गेला आणि दात नसलेलं सगळं गिऱ्हाईक गेलं. 'भावांनो'मुळे बायका बाहेर राहिल्या आणि बहुतेक घरांत फराळ विकत घ्यायचा की नाही हे त्याच ठरवतात. राहिलं 'ये'. अनोळखी दुकान आजीला 'ये' म्हणतं, हे तिलाच काय, मुलालाही रुचत नाही. तो मित्राशी असं बोलतो, दुकानानं आपल्याशी असं बोलावं अशी त्याची मुळीच अपेक्षा नसते.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. वयाची भिंत इंग्रजी शब्दांनी उभी राहते असं आपल्याला वाटतं. तसं फारसं होत नाही. 'ऑर्डर', 'डेकोरेशन', 'पॅकिंग' हे शब्द आजीसुद्धा वापरते. 'ऑर्डर'च्या जागी 'मागणी नोंदवावी' लिहिलं, तर उलट तीच विचारेल, म्हणजे काय करू? भिंत उभी राहते ती त्या-त्या वर्षीच्या पोरांच्या शब्दांनी आणि क्रियापदाच्या शेपटीनं. पोरांचे शब्द दोन वर्षांत शिळे होतात. शेपटी मात्र कायमची, म्हणून तिच्यावर थोडा वेळ घालवतो.

मराठीत समोरच्याचं वय आणि मान क्रियापदात बोलतात. ये, या, यावं, यावे. चार पायऱ्या. पण एक वाट अशी आहे जिथे पायरी निवडावीच लागत नाही. 'कंदील लावला का?' हे वाक्य बघा. आजी नातवाला विचारू शकते, नातू आजीला विचारू शकतो, शेजारी शेजाऱ्याला. 'लावलास का' म्हटलं की 'तू' आला, 'लावलात का' म्हटलं की 'तुम्ही' आलात. 'लावला का' यात दोघंही नाहीत, कारण क्रियापद कंदिलाप्रमाणे चाललंय. शाळेत कर्मणी प्रयोग शिकलो तो हाच. सणाआधीचे आपले बहुतेक प्रश्न असेच असतात. चकल्या झाल्या का? किल्ला केला का? सामान आणलं का? ही भाषा घरातली आहे, सगळ्या वयांची आहे आणि तिच्यात कुणाचा अपमान नाही. ती सगळीकडे चालत नाही. 'आलास' आणि 'आलात' यांतून सुटका नाही, आणि शेवटी गिऱ्हाइकाला काहीतरी करायला सांगावंच लागतं. तिथे साधं 'या', 'सांगा', 'फोन करा'. 'यावे' ही आमंत्रणपत्रिकेची भाषा. दुकानाला 'या' पुरतं.

'आपण'चं मात्र जरा जपून. 'आपण अवश्य यावे' यात 'आपण' म्हणजे तुम्ही. 'आपण दिवाळी साजरी करूया' यात 'आपण' म्हणजे आम्ही आणि तुम्ही. दोन्ही एकाच पाटीवर आले की दुकानदार स्वतःलाच आमंत्रण देतो आहे असं वाटतं. त्यात पुढच्या ओळीत 'तुमचा फोन नंबर' आला की संपलंच.

तर तो मजकूर मी असा लिहीन:

'चकल्या झाल्या? आणि अनारसे? अनारसे राहिले असतील, तर आमच्याकडे मिळतील. अनारशांची ऑर्डर आठ दिवस आधी सांगा. बाकीचा फराळ वसुबारसेपर्यंत. दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.'

वसुबारसेपुढे तारीखही घालायची. आजीला तिथी कळते, नातवाला तारीख. शुभेच्छांची ओळ मी मुद्दाम प्रमाण मराठीत ठेवली, कारण तिथे आपण गिऱ्हाइकाशी व्यवहार करत नाही, सणाला नमस्कार करतो. तो नमस्कार नेहमीच्या शब्दांत असलेला लोकांना बरा वाटतो. फक्त तो शुद्ध छापा. 'हार्दीक' आणि 'आर्शिवाद' दर वर्षी आपल्या रस्त्यावर दिसतात, कारण न बोलला जाणारा शब्द हात चुकीचा लिहितो. बोलण्यातल्या रूपांना वेगळा धोका आहे. 'मिळेल ते सगळं' यातलं टिंब लहान असतं. फाँट बदलताना ते गळतं आणि मोटारसायकलवरून जाणाऱ्याला 'सगळ' दिसतं. म्हणून अनुस्वाराचे शब्द मोठ्या अक्षरांत घ्या, तळाच्या बारीक ओळीत नको.

किनाऱ्यावर राहतो म्हणून एक शेवटचं. कुणी म्हणेल, आगरी-कोळी बोलीतच का नको? नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात 'नारली पुनव' म्हणतात, मग पाटीवर तेच येऊ दे. जरूर येऊ दे, पण पाटी कोळीवाड्यातल्या माणसाची असेल तर. मुंबईच्या कंपनीनं ती बोली पाटीवर चढवली की इथल्या माणसाला आपली नक्कल केल्यासारखं वाटतं. आणि खरं सांगायचं, तर नक्कल चुकते. 'ळ'चा 'ल' केला की बोली झाली असं त्यांना वाटतं. क्रियापदं मात्र पुण्याचीच राहतात. घरच्या माणसानं लिहिली तरी किंमत, तारीख आणि अटी प्रमाण मराठीतच द्याव्यात, म्हणजे बाहेरून आलेल्या सुनेलाही त्या कळतील.

तुमच्यापैकी ज्यांचे फ्लेक्स या आठवड्यात छापायला जाणार आहेत, त्यांनी मजकूर आधी दोघांना वाचून दाखवा, एक सत्तरीचं आणि एक सतरा वर्षांचं. डोळ्यांनी वाचायला देऊ नका, मोठ्यानं वाचा. 'आवडलं का' असंही विचारू नका, कारण समोर बसलेलं माणूस 'हो'च म्हणतं. 'यात काय करायला सांगितलंय आणि कधीपर्यंत?' एवढंच विचारा. दोघांचं उत्तर एक आलं, तरच छापायला द्या.