दखल घेणे आणि दखल देणे
(वाकड येथे स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मागच्या रविवारी तुमच्यापैकी एकीने निबंधात एक वाक्य लिहिलं होतं. तिची परवानगी घेऊन वाचतो: ‘मुस्लिम महिलांच्या तक्रारीत सर्वोच्च न्यायालयाने दखल दिली आणि तलाकवर बंदी आणली.’ शुद्धलेखनाची एकही चूक नाही, तरी वाक्य दोन ठिकाणी चुकलंय. आजचं सगळं बोलणं या एका वाक्यावर आहे.

पहिली चूक ‘दखल दिली’. घरात आपण दखनी किंवा उर्दू बोलतो. तिथे ‘दखल देना’ म्हणजे मध्ये तोंड घालणं, ढवळाढवळ करणं. मराठीत ‘दखल घेणे’ म्हणजे एखाद्या गोष्टीची गंभीरपणे नोंद घेणं. शब्द तोच, क्रियापद बदललं की न्यायालय लुडबुड करणारं ठरतं. आता 2019 चा तिहेरी तलाकविषयीचा कायदा वाचा. त्यात हा गुन्हा ‘दखलपात्र’ आहे, पण पत्नीने किंवा तिच्या रक्ताच्या वा विवाहाने झालेल्या नातेवाइकाने माहिती दिली तरच. ‘दखल’चा घरचा अर्थ धरून बसलात तर हा शब्द कधीच कळणार नाही.

दुसरी चूक ‘तलाकवर बंदी’. न्यायालयाने तलाकवर बंदी घातली नाही. एका दमात तीनदा उच्चारून दिला जाणारा तलाक, म्हणजे तलाक-ए-बिद्दत, तेवढा रद्दबातल ठरवला. तलाकचे इतर मार्ग तसेच राहिले. आपल्या समाजाबद्दल कुणी दुसऱ्याने असं ढोबळ लिहिलं की आपल्याला राग येतो, आणि तेच आपल्याच वहीत निघालं.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. पर्यायावर खूण करून भागत नाही. म्हणून तुम्ही अग्रलेख वाचता आणि अवघड शब्दांची यादी करता. त्या वह्या मी पाहिल्या. ‘संदिग्ध म्हणजे अस्पष्ट’, ‘मनमानी म्हणजे स्वैर’, अशा चारशे ओळी. त्यातला एकही शब्द निबंधात उतरत नाही, कारण तो कोणत्या शब्दाशेजारी बसतो हे वहीत नसतं. याचिका ‘करत’ नाहीत, ‘दाखल करतात’. स्थगिती ‘लावत’ नाहीत, ‘देतात’. ताशेरे ‘ओढतात’. टिपायचा असतो तो हा जोड, नाम आणि क्रियापद एकत्र, आणि मधला विभक्तीप्रत्ययही: निर्णया‘ला’ स्थगिती, कारभारा‘वर’ ताशेरे.

आता वही कशी करायची ते एका प्रकरणावर बघू. शायरा बानो खटल्याचा निकाल 22 ऑगस्ट 2017 ला लागला, त्यामुळे पुढच्या एकदोन दिवसांचे अग्रलेख याच विषयावर सापडतील. ‘लोकसत्ता’, ‘सकाळ’, ‘महाराष्ट्र टाइम्स’, कोणतेही दोन घ्या. एकच अग्रलेख वाचलात तर तुम्ही त्या संपादकाची लकब उचलाल. दोन्हीकडे आलेला प्रयोग मात्र विषयाचा असतो.

समोरासमोरची दोन पानं घ्या आणि वर लिहा: न्यायालय. डाव्या पानावर प्रयोग लिहायचे, पण अकारविल्हे नाही. खटला ज्या क्रमाने चालतो त्या क्रमाने. शायरा बानोंनी 2016 मध्ये ‘याचिका दाखल केली’. ती पाच न्यायमूर्तींच्या ‘घटनापीठापुढे सुनावणीस आली’. पक्षकारांनी ‘बाजू मांडली’. मे 2017 मध्ये न्यायालयाने ‘निकाल राखून ठेवला’. ऑगस्टमध्ये तीन विरुद्ध दोन अशा ‘बहुमताने निकाल दिला’ आणि ही प्रथा ‘रद्दबातल ठरवली’. हा क्रम डोक्यात बसला की वही बंद असतानाही पुढचा प्रयोग आठवतो, कारण त्याला मागचा ओढून आणतो.

एका अग्रलेखातून सहा ते आठ प्रयोग पुरेत. वीस टिपणारा मुलगा दुसऱ्या आठवड्यात वही सोडतो, हे मी वर्षानुवर्षं बघतोय.

उजवं पान जास्त महत्त्वाचं. प्रत्येक प्रयोगासमोर अग्रलेखातलं वाक्य उतरवू नका, स्वतःचं, खरं असलेलं वाक्य लिहा. इथेच कळतं की आपल्याला काय कळलेलं नाही. समजा तुम्ही लिहिलंत, ‘पाचही न्यायमूर्तींनी प्रथा घटनाबाह्य ठरवली.’ निकाल उघडा. न्या. नरिमन आणि न्या. लळित यांनी ती मनमानी म्हणून घटनाबाह्य ठरवली. न्या. कुरियन जोसेफ वेगळ्या वाटेने गेले: ही प्रथा कुराणाच्याच शिकवणीविरुद्ध आहे, म्हणून तिला कायद्याचा आधार नाही. सरन्यायाधीश खेहर आणि न्या. नझीर ‘अल्पमतात राहिले’. त्यांनी सहा महिने प्रथेला मनाई करून सरकारला कायदा करायला सांगितलं. म्हणून ‘घटनाबाह्य ठरवणे’ आणि ‘रद्दबातल ठरवणे’ या दोन वेगळ्या ओळी. निकालाच्या शेवटच्या आदेशात इंग्रजी शब्द आहेत ‘सेट असाइड’. तेही त्याच ओळीत लिहा, इंग्रजीच्या पेपरला वेगळी वही लागणार नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 मध्ये ‘दर्पण’ काढलं तेव्हा मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारीच छापला होता.

उजव्या पानाच्या तळाशी चार बोटं जागा सोडा. तिथे घरच्या भाषेने चकवणारे शब्द. न्यायालय आणि सरकारी कारभाराच्या मराठीत फारसी-अरबी शब्द भरपूर आहेत, म्हणून आपल्याला वाटतं हे तर आपलेच. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश, मराठीत स्पष्टीकरण. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल, मराठीत आक्षेप. उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव. मराठीत प्रयत्नांची ‘शिकस्त केली’ म्हणजे जिवापाड झटलो. ‘सरकारने खुलासा करावा’ याचा अर्थ ‘थोडक्यात सांगावं’ असा घेऊन एकाने अख्खा परिच्छेद लिहिला होता. हसू नका, तो मी होतो.

एक धोका मात्र आहे. अग्रलेख मत मांडण्यासाठी लिहिलेला असतो. ‘सणसणीत चपराक’, ‘लांगूलचालन’, ‘मतपेढी’ हे शब्द तिथे सहज येतात, आणि आपल्या विषयावर तर फारच सहज. ते टिपा, पण लाल शाईने. लाल म्हणजे वाचताना ओळखायचे, स्वतःच्या उत्तरात घालायचे नाहीत. ‘न्यायालयाची चपराक’ लिहिणाऱ्याने निकाल वाचलाय की नुसता मथळा, हे तपासणाऱ्याला कळत नाही. ‘तीन विरुद्ध दोन बहुमताने रद्दबातल ठरवली’ हे वाचलं की कळतं.

तीन दिवसांनी वही मिटून त्याच विषयावर पाच वाक्यं लिहा आणि मग पान उघडून ताडून बघा. जो प्रयोग आठवला पण क्रियापद चुकलं, त्याच्याखाली रेघ मारा. पुढच्या अग्रलेखात तोच शोधायचा. आणि जो प्रयोग पाण्याच्या, शेतीच्या, शिक्षणाच्या लेखातही भेटू लागला, उदाहरणार्थ ‘अंमलबजावणी करणे’, तो न्यायालयाच्या पानावरून उचलून शेवटच्या ‘सर्वसाधारण’ पानावर न्या. ते पान फुगू लागलं तर समजा, विषय सोडून तुम्ही गुळगुळीत शब्द गोळा करताय.

सुरुवातीचं वाक्य तिने काल पुन्हा लिहून आणलं: ‘शायरा बानो यांच्या याचिकेची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने तलाक-ए-बिद्दतची प्रथा तीन विरुद्ध दोन बहुमताने रद्दबातल ठरवली.’ लांबी जवळपास दीडपट झाली. चालेल.

पुढच्या रविवारी पाण्याचं पान. पवना धरण, दिवसाआड पाणीपुरवठा, आणि मावळात 2011 मध्ये बंद जलवाहिनीच्या आंदोलनावर झालेला गोळीबार. दोन अग्रलेख घेऊन या, आणि लाल पेन विसरू नका.